मामूंचे सदतीस हजार आणि बँकेला लिहिलेला ई-मेल

मोहल्ल्यात कुणाला अर्ज लिहायचा असला की तो शिक्षकाच्या घरी येतो. रेशनकार्डात नाव घालायचे असो, वीजबिल दुरुस्त करून घ्यायचे असो किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यातले स्पेलिंग बदलायचे असो, कोऱ्या कागदासह माणूस दारात उभा राहतो. साताऱ्यात आम्ही वीसेक वर्षे हे काम करत आलो आहोत. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्याने, जुन्या माणसांना अर्ज आधी उर्दूत सांगायचा आणि मग मराठीत उतरवायचा, अशीही वेळ येते. दहावीच्या मुलांना पत्रलेखन शिकवताना आम्ही सांगतो की अर्जात विनंती एकच असावी आणि ती पहिल्या चार ओळींत यावी. बँकेला लिहायच्या ई-मेलला मात्र एवढे पुरत नाही. त्यात विनंतीपेक्षा घड्याळ महत्त्वाचे असते. ते कसे, हे सांगलीच्या मामूंच्या एका प्रकरणातून सांगतो.

मामू सांगलीत मोटार रिवाइंडिंगचे छोटे दुकान चालवतात. पूर्वी काही वर्षे साताऱ्यात कामाला होते, म्हणून खाते अजून इथल्याच शाखेत आहे. दोन वर्षांपूर्वी उमराहला जाताना त्यांनी डेबिट कार्डावर परदेशी व्यवहारांची सोय सुरू करून घेतली होती. मुमानींना घेऊन पुन्हा जायचे होते, म्हणून ती चालूच ठेवली होती. खात्यात एकसष्ट हजार रुपये होते. धाकट्या लेकीला मिरजेला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि २० ऑगस्टपर्यंत पंचावन्न हजार फी भरायची होती.

१० ऑगस्ट २०२४ हा महिन्यातला दुसरा शनिवार होता. फजरला उठलेल्या मामूंनी मोबाइल पाहिला तर बँकेचे चार एसएमएस आले होते. रात्री २ वाजून ११ मिनिटांनी ८४ रुपये गेले, २.१४ ला १८,४६९ गेले आणि २.१९ ला पुन्हा १८,४६९ गेले. चौथा एसएमएस २.२७ चा होता. तितक्याच रकमेचा आणखी एक प्रयत्न दिवसाची मर्यादा संपल्यामुळे नाकारला गेला होता. चारही व्यवहार एकाच परदेशी वेबसाइटच्या नावावर होते. मामूंचा फोन आला तेव्हा पहिले वाक्य होते, "रात के दो बजे कौन बाजार करता है रे?"

पहिल्या ८४ रुपयांकडे थोडे थांबून पाहावे. त्या दिवशी डॉलर ८४ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे ही रक्कम एका डॉलरची. चोराला एका डॉलरचे सामान नको असते. त्याच्याकडे चोरलेल्या कार्डांची लांबलचक यादी असते. त्यातले कुठले कार्ड जिवंत आहे, हे तो असा एक बारीक व्यवहार करून तपासतो. तो पार पडला की दोन-चार मिनिटांत मोठी रक्कम ओढतो. म्हणून अनोळखी नावावर पाच-पन्नास रुपये गेलेले दिसले, तर 'जाऊ दे, किरकोळ आहे' म्हणू नये. त्याच क्षणी कार्ड बंद करावे. मामू झोपेत होते आणि मधली तीन मिनिटे कुणाच्याच हातात नव्हती, पण दिवसा असे घडले तर ती तीन मिनिटे कामी येतात.

दुसरी गोष्ट ओटीपीची. चारही वेळा ओटीपी आला नव्हता. आपल्या देशातल्या वेबसाइटवर कार्ड वापरले की बहुधा ओटीपी लागतो, कारण रिझर्व्ह बँकेने इथल्या ऑनलाइन व्यवहारांना दुसऱ्या खात्रीची अट घातली आहे. परदेशी दुकानदार ती खात्री मागेलच असे नाही. कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे एवढ्यावरही तिकडे व्यवहार होऊ शकतो. हे तिन्ही आकडे कार्डावरच छापलेले असतात. कार्ड हाताळणाऱ्या कुणालाही ते दिसतात, आणि जिथे आपण ते टाइप केले त्या एखाद्या वेबसाइटवरूनही चोरीला जातात.

आम्ही मामूंना आधी कार्ड बंद करायला सांगितले. ई-मेल नंतर. बँकेचा नंबर त्यांनी कार्डाच्या पाठीमागचा पाहून लावला. इंटरनेटवर शोधून मिळालेला नंबर लावू नये, कारण तिथे बँकेच्या नावाने भामट्यांनीच नंबर टाकून ठेवलेले असतात. एकदा लुटला गेलेला माणूस घाबरून तोच नंबर लावतो आणि दुसऱ्यांदा लुटला जातो. ५ वाजून ४३ मिनिटांनी कार्ड बंद झाले आणि एक संदर्भ क्रमांक मिळाला. तो मामूंच्या लेकीने वहीत लिहून घेतला, शेजारी वेळही लिहिली.

आता प्रश्न असा की फोनवर सगळे सांगितले असताना ई-मेल कशाला? कारण फोनवर काय बोललो त्याचा कागद आपल्या हातात राहत नाही. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ ला एक परिपत्रक काढले. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाने किती नुकसान सोसायचे, हे त्यात ठरवून दिले आहे. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरात निघाले. आपल्या सातारा-सांगलीत बरीच घरे सहकारी बँकांत खाते ठेवतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. नियम थोडक्यात असा: चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, ती तिसऱ्याच कुणाची आहे, आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले, तर काही मर्यादेपर्यंत नुकसान त्याच्या अंगावर येते. साध्या बचत खात्याला ही मर्यादा दर व्यवहारामागे दहा हजार रुपये आहे. सात दिवसांनंतर बँकेचे स्वतःचे धोरण लागू होते.

हे दिवस मोजताना संदेश मिळाला तो दिवस धरायचा नाही आणि आपल्या शाखेच्या सुट्ट्याही धरायच्या नाहीत. मामूंना एसएमएस मिळाला शनिवारी, दुसरा शनिवार असल्याने शाखा बंद होती आणि रविवार तर सुट्टीचाच. तेव्हा तीन दिवस म्हणजे सोमवार १२, मंगळवार १३ आणि बुधवार १४ ऑगस्ट. मुदत हातात होती, तरी आम्ही थांबलो नाही.

एक अडचण मात्र लगेच आली. मजकूर आम्ही साताऱ्यात लिहिला, पण पाठवायचा कुठून? बँकेकडे नोंदवलेला ई-मेल मामूंच्या लेकीच्या मोबाइलवर होता. दुसऱ्याच्या पत्त्यावरून तक्रार गेली की 'नोंदणीकृत ई-मेलवरून पाठवा' असे उत्तर येऊन दोन दिवस फुकट जातात. म्हणून मसुदा आम्ही व्हॉट्सॲपवर सांगलीला पाठवला आणि तिने तिथून बँकेला धाडला, ६ वाजून ५० मिनिटांनी. बँकेच्या वेबसाइटवरचा तक्रारीचा पत्ता, सातारा शाखेचा पत्ता आणि एक प्रत आम्हाला. खाली तोच मजकूर इंग्रजीतही जोडला, कारण तक्रारीचा विभाग कुठल्या शहरात बसतो ते आपल्याला माहीत नसते. मराठी मजकूर असा होता:

विषय: अनधिकृत कार्ड व्यवहार, १० ऑगस्ट २०२४. कार्ड बंद ठेवणे व ३७,०२२ रुपये परत जमा करणे. कार्डाचे शेवटचे चार आकडे ४४१७.

महोदय,

आपल्या सातारा शाखेत माझे बचत खाते आहे. खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे ०९३२. आज १० ऑगस्ट २०२४ रोजी माझ्या डेबिट कार्डावर पुढील व्यवहार झाले. ते मी केलेले नाहीत आणि कुणाला करायला सांगितलेलेही नाहीत.

रात्री २.११: ८४ रुपये, झाला.
रात्री २.१४: १८,४६९ रुपये, झाला.
रात्री २.१९: १८,४६९ रुपये, झाला.
रात्री २.२७: १८,४६९ रुपये, नाकारला गेला.
एकूण गेलेली रक्कम ३७,०२२ रुपये.

वेळा आपल्या एसएमएसमधील आहेत. त्यांची छायाचित्रे जोडली आहेत. व्यवहारांच्या वेळी कार्ड सांगली येथे माझ्या घरी माझ्या ताब्यात होते व आताही आहे. मला कोणताही ओटीपी आला नाही. कार्डाची माहिती, पिन किंवा ओटीपी मी कुणालाही दिलेला नाही. आज पहाटे ५.४३ वाजता आपल्या हेल्पलाइनवर कळवून कार्ड बंद करून घेतले आहे. संदर्भ क्रमांक सोबत दिला आहे.

विनंती अशी की, १) कार्ड कायमचे बंद केल्याचे लेखी कळवावे. २) ३७,०२२ रुपये व या व्यवहारांवर लागणारे सर्व शुल्क परत जमा करावे. ३) रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, कळवल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करावी. ४) तक्रार क्रमांक कळवावा.

खाली मामूंचे नाव आणि नोंदवलेला मोबाइल नंबर. बस्स, एवढेच.

यात काय नाही, तेही पाहा. कार्डाचा पूर्ण नंबर नाही, मुदत नाही, मागचे तीन आकडे नाहीत. बँकेला ओळखायला शेवटचे चार आकडे पुरतात आणि ई-मेल कुणाकुणाच्या हातून जाईल हे सांगता येत नाही. लेकीच्या फीची हकीकतही त्यात नाही. मामूंना ती घालायची होती. "त्यांना कळू दे आमच्यावर काय गुजरली," असे ते म्हणाले. पण नियमाला फी कळत नाही, वेळ आणि रक्कम कळते. वाचणाऱ्याला आकडे शोधावे लागले की तक्रार बाजूला पडते. नाकारला गेलेला व्यवहार मात्र आम्ही मुद्दाम घातला. पैसे गेले नाहीत म्हणून लोक तो सोडून देतात. एकच माणूस सोळा मिनिटांत चार वेळा प्रयत्न करत होता हे त्यातून दिसते, आणि खरेदीला बसलेला माणूस असे वागत नाही.

त्याच सकाळी १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि cybercrime.gov.in वरही तक्रार नोंदवली. पैसा देशातल्याच दुसऱ्या खात्यात गेला असेल, तर तिथे तो अडवता येण्याची शक्यता असते. परदेशी दुकानदाराकडे गेलेल्या पैशाबाबत आम्हाला तेवढी आशा नव्हती, पण तिथला पोचक्रमांक पुढे बँकेला दाखवायला कामी आला.

ई-मेल पाठवल्यावर लगेच आपोआप उत्तर आले आणि तक्रार क्रमांक मिळाला. १४ ऑगस्टला खरे उत्तर आले. त्याचा अर्थ असा होता: व्यवहार कार्डाचे योग्य तपशील टाकून पूर्ण झाले आहेत आणि परदेशी वापराची सोय ग्राहकाने स्वतः सुरू केलेली आहे, म्हणून बँक जबाबदार नाही. इथेच बरीच माणसे हात टेकतात. मामूही म्हणाले की बँकेशी भांडून कोण जिंकले आहे!

आम्हाला मात्र ते उत्तर वाचून बळ आले. योग्य तपशील टाकले गेले यात वादच नव्हता, कारण चोरीला गेले ते तपशीलच. प्रश्न ते कुणी टाकले हा होता. परिपत्रक स्पष्ट सांगते की ग्राहकाची जबाबदारी आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. ग्राहकाच्या निष्काळजीपणाचे उदाहरण म्हणून त्यात आपले पिन-ओटीपीसारखे तपशील दुसऱ्याला देणे सांगितले आहे. बँकेनेच देऊ केलेली सोय वापरणे हा आमच्या मते निष्काळजीपणा होऊच शकत नाही. दुसऱ्या ई-मेलमध्ये आम्ही तीनच प्रश्न विचारले. या व्यवहारांना ओटीपी पाठवला होता का? पाठवला असेल तर कुठल्या नंबरवर आणि किती वाजता? नसेल, तर व्यवहार मामूंनी केले असे बँक कशावरून म्हणते? सोबत परिपत्रकाची तारीख आणि पहिला तक्रार क्रमांक दिला. नवी तक्रार नोंदवली नाही, आधीच्याच ई-मेलला उत्तर दिले, म्हणजे पहिली वेळ कायम राहते.

शाखेतून निरोप आला की विवादाचा फॉर्म सहीनिशी हवा. मामू १६ तारखेला दुकान बंद ठेवून कराडमार्गे एसटीने आले. फॉर्ममध्ये पुन्हा तेच चार व्यवहार, त्याच वेळा. ई-मेलची छापील प्रत समोर ठेवून भरला, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे तंतोतंत जुळले. एका ठिकाणी २.१४ आणि दुसऱ्या ठिकाणी 'सव्वादोनच्या सुमारास' असे झाले असते, तर विचारणाऱ्याला विचारायला जागा मिळाली असती. असा फॉर्म आला की बँक कार्ड-कंपनीमार्फत दुकानदाराच्या बँकेकडे रक्कम परत मागते आणि खरेदी खऱ्या कार्डधारकानेच केली, याचा पुरावा समोरच्याला द्यावा लागतो.

१० ऑगस्टपासून कामकाजाचे दहा दिवस मोजले, १५ ऑगस्टची सुट्टी वगळली, तर मुदत २३ ऑगस्टला संपत होती. २२ ला ३७,०२२ रुपये खात्यात दिसले. मात्र त्यावर 'होल्ड' होता, म्हणजे दिसत होते पण काढता येत नव्हते. तपास पूर्ण होईपर्यंत असेच राहील, असे शाखेने सांगितले. फीची तारीख तर २० ला होऊन गेली होती. मुमानींनी भिशीचा नंबर मागून घेतला, उरलेले आम्ही आणि मामूंच्या शेजाऱ्यांनी घातले आणि मुलीचा प्रवेश टिकला.

बँकेने तक्रार नव्वद दिवसांत निकाली काढायची असते. आमच्या बाबतीत ती तारीख ८ नोव्हेंबर होती. वहीत आम्ही आणखीही एक तारीख लिहून ठेवली होती: तक्रारीला तीस दिवस झाले आणि उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येते. त्यासाठीही आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. सकाळी ६.५० चा ई-मेल तिथेही पहिला कागद ठरला असता.

अशी प्रकरणे कोर्टातही गेली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये याच परिपत्रकाच्या आधारे एका बँकेला एका कंपनीचे सुमारे ७७ लाख रुपये परत करायला सांगितले. ३ जानेवारी २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने गुवाहाटीच्या एका ग्राहकाचा ९४,२०४ रुपयांचा निकाल कायम ठेवला. त्या ग्राहकाने चोवीस तासांच्या आत बँकेला कळवले होते, याची न्यायालयाने नोंद घेतली.

मात्र एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. केवायसी संपली असे सांगणारा फोन आला आणि घरातल्या कुणी ओटीपी सांगून टाकला, तर मामूंसारखे पैसे मागता येत नाहीत. बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे. पण कळवल्यानंतर एक रुपया जरी गेला, तर तो बँकेचा. तेव्हा शरमेने गप्प बसणे सगळ्यात महाग पडते. अशा घरातही ई-मेल लिहावा, त्यात ओटीपी दिल्याचे खरे लिहावे आणि कळवल्याची वेळ ठळक घालावी.

समोरच्या दुकानदाराने काहीच पुरावा दिला नाही. १४ ऑक्टोबरला होल्ड उठला आणि पैसे वापरता येऊ लागले. मामूंनी भिशीवाल्यांना दोन किलो मिठाई पाठवली. आम्ही मात्र पासबुकाची छापील पाने मागवून घेतली आणि ओळीने तपासली. १२ ऑगस्टच्या खाली एक ओळ होती, १,५२९ रुपये. परदेशी चलनाच्या व्यवहारावर बँक घेते ते साडेतीन टक्के शुल्क आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी. व्यवहार रद्द झाला होता, शुल्क तसेच राहिले होते. पहिल्या ई-मेलमध्ये 'लागणारे सर्व शुल्क' असे लिहिलेले होते, म्हणून तिसरा ई-मेल दोन ओळींत संपला: तक्रार क्रमांक अमुक, विनंती क्रमांक दोन अपुरी राहिली आहे, १,५२९ रुपये बाकी आहेत. २९ ऑक्टोबरला तेही जमा झाले. मामूंनी नव्या कार्डावर परदेशी वापर सध्या बंद ठेवला आहे, तिकिटे काढायच्या आठवड्यात सुरू करणार आहेत.